एकाच नमुन्याचा डब्ल्यूईआर एकदा ४१ येतो, एकदा १७. खरा कुठला?

बांधावरची (धागाकर्ती), मंगळवार रात्री

मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटाकडे शेतीविषयक व्याख्यानांचे आणि शिवारफेरीचे १४० व्हिडिओ आहेत, सगळे मिळून साधारण ५८ तास. त्यांचं बोलणं यंत्राकडून लिहून घेतलं, म्हणजे पुढे सबटायटल आणि शोध दोन्ही करता येईल. आता गटात प्रश्न आला की हे लिखाण कितपत बरोबर आहे, एक आकडा सांगा.

मी १० व्हिडिओ घेतले, प्रत्येकाची पहिली दोन मिनिटं. यंत्राचा मजकूर समोर ठेवून, ऐकत ऐकत हातानं दुरुस्त केला. एकूण २,३१० शब्द झाले. मग मूळ यंत्रमजकूर आणि माझा दुरुस्त मजकूर यांची तुलना केली. नेटवर मिळालेल्या एका स्क्रिप्टनं डब्ल्यूईआर, म्हणजे शब्दांचा चूकदर, ४१.३ टक्के दिला. दुसरी स्क्रिप्ट मॉडेलच्या पुडक्यातच आलेली होती, तिनं त्याच फायलींवर १६.८ टक्के दिला. दोन्हीकडे फाइल्स त्याच आहेत, तीनदा तपासल्या.

गटातल्या निम्म्या लोकांना १७ आवडलाय, हे वेगळं सांगायला नको. खरा कुठला?

---

आजोळ

छान उपक्रम. माझ्याकडे आजीच्या ओव्यांच्या ११ कॅसेट आहेत, डिजिटल करून ठेवल्यात. त्यासाठी यातलं कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, ४१ वालं की १७ वालं?

---

कोकणकडा

@आजोळ, ते सॉफ्टवेअरचे गुण नाहीत, चुकांची टक्केवारी आहे. कमी तितकं चांगलं.

@बांधावरची, मराठीत शब्द मोजणं हीच मुळात चूक. आपले प्रत्यय जोडून येतात, इंग्रजीसारखं नाही. सरळ अक्षरांचा चूकदर काढा, सीईआर. वाद मिटेल. आणि शंभरातून वजा केलं की अचूकता मिळते, तीच गटाला सांगा. लोकांना चूक ऐकण्यापेक्षा अचूकता ऐकायला बरी वाटते.

---

खरडेघाशी

दोन्ही आकडे खरे नाहीत असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर बोलायला नको. दोन गोष्टी द्या. एक, दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये तुलनेआधी मजकूर साफ करणारी जी ओळ आहे ती इथे चिकटवा. दोन, एखादं वाक्य द्या जिथे दोन स्क्रिप्टांचं अजिबात पटत नाही.

---

बांधावरची

वाक्य हे घ्या. कांद्याच्या रोपवाटिकेवरच्या व्हिडिओतलं आहे.

माझं दुरुस्त: रोपवाटिकेत पाणी साचलं की मर रोग येतो म्हणून गादीवाफ्यावर रोपं करा

यंत्राचं: रोप वाटिकेत पण साचले की मररोग येतो म्हणून गादी वाफ्यावर रोपं करा

पहिली स्क्रिप्ट याला ७२.७ टक्के देते, दुसरी २२.२. मला विचाराल तर यात चूक एकच आहे, "पाणी"चं "पण" झालं.

साफ करणाऱ्या ओळीचा गाभा असा आहे:

```python
import unicodedata
s = "मूळ सडतं"
print("".join(" " if unicodedata.category(c)[0] in "MSP" else c for c in s))
```

---

खरडेघाशी

सापडलं. ती ओळ चालवून पाहा. "मूळ सडतं" चं "म ळ सडत" होऊन बाहेर येईल.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक वर्ग असतो. S म्हणजे चिन्हं, P म्हणजे विरामचिन्हं, आणि M म्हणजे दुसऱ्या अक्षराला लागून येणाऱ्या खुणा. ज्यानं ही ओळ लिहिली त्याच्या डोळ्यांसमोर युरोपीय अक्षरांवरचे टिंबटोपे असणार. आपल्याकडे मात्र काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळं M मध्येच बसतं. त्यामुळे प्रत्येक मात्रेच्या जागी मोकळी जागा येते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

आता तुमचं वाक्य हातानं मोजू. पहिल्या स्क्रिप्टच्या हिशेबात तुमच्या मजकुरात ११ शब्द आहेत. "रोपवाटिकेत"च्या जागी "रोप वाटिकेत" आलं, म्हणजे एक शब्द बदलला आणि एक जास्तीचा घुसला, दोन चुका. "पाणी"चं "पण", एक. "साचलं"चं "साचले", एक. "मर रोग"चं "मररोग", एक बदलला, एक गळला, दोन. "गादीवाफ्यावर" तुटलं, पुन्हा दोन. एकूण ८. भागिले ११, म्हणजे ७२.७.

दुसऱ्या स्क्रिप्टनं आधी सगळ्यांची हाडं मोडली. तुमचा मजकूर "र पव ट क त प ण स चल क मर र ग…" असा झाला, आणि ११ शब्दांचे २७ तुकडे झाले. "गादी वाफ्यावर" आणि "गादीवाफ्यावर" दोन्हींचं "ग द व फ य वर" होतं, म्हणून तिथली चूक नाहीशी. "साचलं" आणि "साचले" दोन्ही "स चल", तीही नाहीशी. उरल्या ६ चुका, भागिले २७, २२.२. म्हणजे वर अंश घटला आणि खाली छेद अडीचपट झाला. आकडा सुधारला तो असा.

यात तुमचं नशीब की "पाणी/पण" निदान चूक म्हणून उरली. पण "मूळ", "माळ" आणि "मेळ" हे तिन्ही त्या स्क्रिप्टला "म ळ" दिसतात. "पीक"चा "पाक" झाला तरी तिच्या लेखी चूक शून्य. रोगावरच्या व्हिडिओत मूळ सडतं की माळ सडते यानं फरक पडतो.

एक जवळचाच खड्डाही सांगून ठेवतो. पायथनच्या `re` मध्ये `[^\w\s]` लिहून विरामचिन्हं काढायची सवय अनेकांना असते. तिथल्या `\w` मध्येही मात्रा बसत नाहीत. तिथे मोकळी जागा न येता मात्रा थेट उडते, आणि "पाणी"चं खरोखरच "पण" होतं. मग तुमच्या वाक्यातली एकमेव खरी चूकच गायब. `regex` नावाचं वेगळं मोड्यूल वापरलं तर हे होत नाही. किंवा फक्त P वर्गातली चिन्हं काढा, M ला हात लावू नका.

---

कोकणकडा

म्हणजे मी म्हणत होतो तेच. शब्द मोजू नका.

---

खरडेघाशी

अर्धं बरोबर आहे. मोकळ्या जागा काढून अक्षरं मोजली तर "रोप वाटिकेत"ची शिक्षा टळते, हे खरं. पण "मूळ"चं "माळ" झालं तर सीईआरच्या लेखी तीन खुणांपैकी एक बदलली, किरकोळ. वाचणाऱ्याच्या लेखी शब्दच गेला. शोधातही तो व्हिडिओ "मूळ" शोधणाऱ्याला सापडणार नाही. म्हणून सीईआर शेजारी द्या, पण एकटा देऊ नका.

आणि शंभरातून वजा करून अचूकता सांगू नका. डब्ल्यूईआर शंभराच्या वर जाऊ शकतो.

---

कोकणकडा

शंभराच्या वर? शंभर शब्दांत शंभराहून जास्त चुका कशा होतील? गणितात बसत नाही.

---

खरडेघाशी

भागाकार तुमच्या दुरुस्त मजकुरातल्या शब्दसंख्येनं होतो. यंत्रानं मनाचे शब्द घुसवले तर अंश कितीही वाढतो, छेद तेवढाच राहतो. ट्रॅक्टरच्या आवाजात माणूस चार शब्द बोलला आणि यंत्रानं तीस लिहिले, की झालं.

---

पुरवणी

मी ३० वर्षं मुद्रितशोधन केलं, संगणकातलं फार कळत नाही, पण एका गोष्टीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. वर सगळे जण "साचलं/साचले" हा फरक सोडून द्यायच्या बेतात दिसतात. बोलणारा "साचलं" म्हणाला. यंत्रानं "साचले" लिहिलं. ते बोलणं नाही, ते यंत्रानं केलेलं संपादन आहे. आमच्या काळी मुलाखतीच्या मजकुरात कुणी असं परस्पर प्रमाण रूप केलं असतं तर मी समासात खूण केली असती.

---

बांधावरची

@खरडेघाशी, साष्टांग दंडवत. दोन दिवस डोकं खाजवत होते.

@पुरवणीकाका, तुमचं पटतंय पण आमच्या व्हिडिओत "केलं/केले", "झालं/झाले", "रोपं/रोपे" इतकं आहे की ते सगळं चूक धरलं तर आकडा नुसता त्यानंच फुगतो. वाचणाऱ्या शेतकऱ्याला काडीचा फरक पडत नाही.

एक विचित्र गोष्ट दिसली. पहिल्या स्क्रिप्टनं पुढचा शब्द चूक धरलाय, आणि मला दोन्ही अगदी सारखे दिसतात:

वाऱ्यानं → वार‍्यानं

चष्मा बदलायचा का?

---

खरडेघाशी

चष्मा ठीक आहे. "ऱ्या" टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकीत "ऱ" हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसरीत साधा "र", हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसतं सारखं, आत वेगळं. "ॲसिड"मधल्या "ॲ"चंही तसंच, काही कळफलक "अ"वर चंद्र लावून देतात. युनिकोडचं नेहमीचं एकसारखेकरण, एनएफसी, या दोन्ही जोड्या एक करत नाही. म्हणून तुमच्या साफसफाईत या दोन बदल्या हातानं लिहा. एनएफसी तरीही लावा, कारण "ऱ" आणि "र खाली नुक्ता" ही जोडी ते नीट जुळवतं.

जोडून-तोडून लिहिण्याचा उपाय मात्र यादीनंच होतो. सगळ्या चुका रांगेत लावा, वारंवार येणाऱ्या जोड्या वेगळ्या काढा, आणि दोन्ही रूपं चालतील असं ठरवा. sclite नावाच्या जुन्या मोजणी-साधनात दुरुस्त मजकुरातच पर्याय कंसात देण्याची सोय आहे. पण तुम्ही पायथनमध्येच आहात तर मोजणीआधी दोन्हीकडचं एकाच रूपात आणा. रांग पाहायला हे पुरे, `refs` मध्ये दुरुस्त वाक्यांची यादी द्या, `hyps` मध्ये यंत्राच्या वाक्यांची:

```python
import jiwer
out = jiwer.process_words(refs, hyps)
print(out.substitutions, out.deletions, out.insertions, out.wer)
print(jiwer.visualize_alignment(out))
```

यादी करताना एक पथ्य पाळा. यादी एका नमुन्यावरून बनवा आणि आकडा दुसऱ्या नमुन्यावर काढा. नाहीतर जी चूक दिसेल ती "चालेल" म्हणत यादीत जाते आणि आकडा आपोआप गोड होतो.

"साचलं/साचले"वर मी पुरवणीकाकांच्या विरोधात नाही. दोन आकडे द्या, एक काटेकोर, एक सैल. तुमच्या वाक्यात जोड-तोड सोडली तर काटेकोर २ चुका, ११ पैकी, १८.२. सैल १ चूक, ९.१. कुठला कशासाठी, ते शेजारी लिहा.

---

सॅनहोजेकर

+१. आमच्याकडे मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ आहेत, तिथे वेगळाच घोळ. बोलणारा "पार्किंग" म्हणतो, यंत्र तो शब्द रोमन लिपीत लिहितं, दुरुस्त करणारा देवनागरीत. ऐकलं बरोबर, तरी चूक. आम्ही सगळे रोमन शब्द वेगळे काढून त्यांची एक यादी केली, तुमच्यासारखीच.

---

परसबाग

अवांतर वाटेल, पण आकड्यांचं काय? आमच्या कृषी सेवा केंद्रात लोक "एकोणीस एकोणीस एकोणीस" मागतात. यंत्र बहुतेक `19:19:19` लिहीत असणार.

---

बांधावरची

@परसबाग, अजिबात अवांतर नाही! अगदी तसंच लिहितं. मी तीन शब्द लिहिले होते. विरामचिन्हं काढल्यावर यंत्राचं `191919` झालं, म्हणजे एक शब्द बदलला, दोन गळले. खत बरोबर, चुका तीन.

---

खरडेघाशी

आकडे दोन्हीकडे शब्दांत आणा, आकड्यांत नाही. मराठीत "दीड", "अडीच", "सव्वाशे", "पावणेदोन" यांना आकड्यात नेताना नवीन घोटाळे होतात. "अडीचशे मिली" बोलला, यंत्रानं `250` लिहिलं, तर ते शब्दात "दोनशे पन्नास" होईल, म्हणून ही जोडीही यादीत लागेल. कंटाळवाणं आहे, पण औषधाच्या मात्रा याच शब्दांत असतात.

आता मोजणीपेक्षा मोठी अडचण. तुम्ही प्रत्येक व्हिडिओची पहिली दोन मिनिटं घेतलीत. पहिल्या दोन मिनिटांत कोण बोलतं?

---

बांधावरची

…सूत्रसंचालक. स्वागत, पाहुण्यांची ओळख. बंद खोलीत, माइकवर. अगदी स्वच्छ प्रमाण मराठी.

शेतकऱ्यांचे प्रश्न नंतर येतात. शिवारफेरी तर उघड्यावर, वारा, मागे मोटर चालू. कळलं.

---

खरडेघाशी

म्हणून नमुना पुन्हा घ्या. सगळ्या ५८ तासांची एक लांब पट्टी समजा, तिच्यावर कुठेही ६० ठिकाणी सुई टोचा, प्रत्येक ठिकाणचे ३० सेकंद घ्या. जागा संगणकाला निवडू द्या, स्वतः निवडू नका. अर्ध्या तासाचं बोलणं होईल. १० व्हिडिओंतून दोन-दोन मिनिटं घेण्यापेक्षा हे बरं, कारण एकाच माणसाचं दोन मिनिटं बोलणं म्हणजे एकाच प्रकारच्या चुका पुन्हा पुन्हा. तुकड्याच्या टोकाला अर्धा शब्द आला तर दोन्हीकडून काढून टाका.

दुसरं, दुरुस्तीची रीत. यंत्राचा मजकूर समोर असला की कान त्याच्यामागे जातो. अर्धवट ऐकू आलेल्या ठिकाणी यंत्रानं जे लिहिलंय तेच ऐकू येतं. आणि यंत्रानं गाळलेला शब्द परत घालायचं सुचतच नाही, कारण कागदावर भोक दिसत नाही. म्हणून ६० पैकी ६ तुकडे दुसऱ्या कुणाकडून कोऱ्या कागदावर, यंत्राचा मजकूर न दाखवता लिहून घ्या. मग तुमच्या दुरुस्त मजकुराशी त्याची तुलना करा, त्याच स्क्रिप्टनं.

---

पुरवणी

हे शंभर टक्के खरं. आम्ही म्हणूनच मूळ प्रत एकानं मोठ्यानं वाचायची आणि मुद्रित दुसऱ्यानं पाहायचं. छापलेलं डोळ्यांसमोर असलं की डोळा माफ करतो.

ते सहा तुकडे मी लिहून देतो. निवृत्त माणूस, वेळ आहे. व्य.नि. करा.

---

आजोळ

रच्याकने, ओव्या गाण्यात आहेत. त्यावर हे चालेल का? आजी "गं" आणि "बाई" प्रत्येक ओळीत म्हणते, ते शब्द धरायचे की नाही?

---

खरडेघाशी

@आजोळ, गाण्यावर यंत्र फार अडखळतं, ११ कॅसेटच आहेत तर हातानंच लिहा. "गं" आणि "बाई" धराच, ते ओवीचे शब्द आहेत. व्याख्यानातल्या "म्हणजे म्हणजे" आणि "हां"ची गोष्ट वेगळी.

---

बांधावरची, आठ दिवसांनी

आले परत. आधी जुन्या नमुन्याचं सांगते. मात्रा न उडवता, जोड-तोड आणि आकड्यांची यादी लावून सैल डब्ल्यूईआर १५.९ आला. म्हणजे ज्यांना १७ आवडला होता ते आता "बघा, आम्ही म्हणत होतो" करतायत. तो निव्वळ योगायोग आहे हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली.

नवा नमुना: ६० तुकडे, ४६ वेगवेगळ्या व्हिडिओंतून, एकूण ३,६४० शब्द. यादी जुन्या नमुन्यावरचीच, तिला हात लावला नाही. बदललेले ५१२, गळलेले २६८, घुसवलेले ९६. एकूण ८७६. डब्ल्यूईआर २४.१ टक्के, सैल. त्याच मोजणीनं जुना नमुना १५.९ आणि नवा २४.१. नुसती सुई कुठे टोचली त्याचे आठ टक्के.

कोकणकडासाहेब, तुमच्यासाठी एक तुकडा खास राखून ठेवलाय. शिवारफेरी, शेजारी ट्रॅक्टर चालू, ३० सेकंदांत माणूस चारच शब्द बोलतो. यंत्रानं ३१ शब्द लिहिलेत, त्यात व्हिडिओ पाहिल्याबद्दल आभारसुद्धा मानलेत! चारही शब्द चूक, वर २७ जास्तीचे. चुका ३१ भागिले ४, म्हणजे ७७५ टक्के.

---

कोकणकडा

मान्य. शब्द मागे घेतो.

पण मग एक विचारतो. ६० तुकड्यांचे ६० डब्ल्यूईआर काढून सरासरी घेतली तर?

---

खरडेघाशी

तर हा एकटा तुकडा सरासरीत जवळजवळ १३ टक्क्यांची भर घालेल, ७७५ भागिले ६०. सगळ्या चुका एकत्र करून सगळ्या शब्दांनी भागलं तर त्याचा वाटा ३,६४० मध्ये ३१, एक टक्काही नाही. `jiwer` ला साठही तुकडे एकदम दिले की ते एकत्रच करतं, ते बरोबर आहे. तुकडा काढून मात्र टाकू नका, यंत्र तसं वागतं हे खरंच आहे. त्याची नोंद वेगळी करा.

२४.१ हा एका नमुन्याचा आकडा आहे, म्हणून त्याच्यासोबत पल्लाही द्या. ४६ व्हिडिओंच्या चिठ्ठ्या करा, एक काढून नोंद करून परत टाका, असं ४६ वेळा, आणि डब्ल्यूईआर काढा. हे संगणकाकडून हजारदा करून घ्या. वरचे-खालचे अडीच-अडीच टक्के आकडे सोडून जे उरतं तो पल्ला. चिठ्ठी व्हिडिओची हवी, शब्दाची नको. एका व्हिडिओतले शब्द एकमेकांचे भाऊबंद असतात, त्यांना सुटं धरलं तर पल्ला खोटाच अरुंद येतो.

पुरवणीकाकांच्या सहा तुकड्यांचं काय झालं?

---

बांधावरची

पल्ला काढला, २०.३ ते २८.४.

काकांचे सहा तुकडे ३७२ शब्दांचे. माझ्या दुरुस्तीशी २२ ठिकाणी फरक, म्हणजे ५.९ टक्के. बहुतेक ठिकाणी मीच यंत्राच्या मागे गेले होते. १३ जागी काकांनी असा शब्द लिहिलाय जो मी सोडला होता, आणि पुन्हा ऐकल्यावर तो आहेच: "तर", "मग", दोनदा म्हटलेलं "नाही नाही". म्हणजे माझे २६८ गळलेले शब्द कमीच मोजलेत. ४ जागी मात्र मला अजूनही माझंच बरोबर वाटतं. एका ठिकाणी शेतकरी "फुटवा" म्हणतो की "फुटवं", यावर आमची फोनवर २० मिनिटं चर्चा झाली. ठरलं काही नाही.

---

पुरवणी

"फुटवं". हेडफोन लावून सात वेळा ऐकलं.

---

खरडेघाशी

मग अहवालात हेही लिहा की दोन माणसांतच सहा टक्क्यांच्या आसपास फरक आहे. पुढच्या वर्षी नवं मॉडेल आलं आणि त्यानं २३ दिला, तर तो सुधार की तुमच्या कानांचा खेळ, हे या नमुन्यावरून सांगता येणार नाही. मात्र दोन मॉडेल याच ६० तुकड्यांवर चालवून तुकड्यागणिक फरक पाहिला तर लहान फरकही दिसतो, कारण अवघड तुकडा दोघांनाही अवघड असतो.

---

परसबाग

२४ टक्के म्हणजे ग्राहकाला दाखवण्यासारखं आहे का? मला "तर" आणि "मग" गळल्याचं काही वाटत नाही. मला मात्रा चुकल्याची भीती वाटते, औषधाची. "दीड मिली"चं "दोन मिली" झालं आणि कुणी वाचून फवारलं तर?

---

खरडेघाशी

डब्ल्यूईआर हे सांगत नाही. त्याला "तर" आणि "दीड" सारखेच. संख्यावाचक शब्द आणि औषधांची नावं वेगळी काढून त्यांचाच चूकदर मोजा, तोच नमुना, तीच रांग.

---

बांधावरची

काल रात्री काढलं. नमुन्यात संख्यावाचक शब्द ११८, त्यातले ३१ चुकलेत, २६ टक्के. ३१ पैकी ९ "दीड" आणि "अडीच" आहेत. "दीड" तीनदा "दिल" झालाय, ते वाचणाऱ्याला निदान खटकतं. "अडीच" दोनदा "आणि" झालाय, ते खटकतसुद्धा नाही, वाक्य सरळ वाचलं जातं आणि मात्रा नाहीशी.

गटात असं ठरतंय की शोधासाठी सगळं लिखाण जसंच्या तसं टाकायचं, आणि सबटायटल फक्त त्या व्हिडिओंना, ज्यांतली मात्रांची वाक्यं कुणीतरी हातानं तपासलीत. "मिली", "ग्रॅम", "लिटर" हे शब्द शोधून त्यांच्या अलीकडचे-पलीकडचे १० सेकंद ऐकायचे.

---

कोकणकडा

पण "मिली" हाच शब्द यंत्रानं चुकवला असेल तर ते ठिकाण सापडणार कसं?

---

बांधावरची

६० तुकड्यांत "मिली" १४ वेळा आहे, यंत्राला १२ वेळा जमलाय. राहिलेले दोन "मिळे" आणि "मिलीजुली" आहेत. दुसरं कुठून आलं ते देवाला ठाऊक. "मिळ" आणि "मिल"नं सुरू होणारे सगळे शब्द धरून शोधते, बघू किती कचरा येतो.

---

आजोळ

पहिल्या कॅसेटची एक बाजू हातानं लिहून झाली. २२ ओव्या. आईला वाचून दाखवल्या, तिनं पाच ठिकाणी चुका काढल्या.